तीन वेळा लेखी ताकीद दिल्यानंतर कामावरून कमी करण्याचं पत्र

*आमचा भोसरीला छोटा कारखाना आहे, 34 माणसं. डिस्पॅचला बिलं आणि ई-वे बिलं करणारा एक जण सहा वर्षांपासून आहे. गेल्या वर्षभरात त्याला तीन वेळा लेखी ताकीद दिली, फरक नाही. आता सेवासमाप्तीचं पत्र द्यायचं ठरवलंय. आमच्या अकाउंटंटने मसुदा केलाय, त्यात "वारंवार हेतुपुरस्सर निष्काळजीपणा केल्यामुळे कंपनीचा आपल्यावरील विश्वास उडाला असून आपणांस तत्काळ बडतर्फ करण्यात येत आहे" असं आहे. हे चालेल का? पत्रात काय असावं, काय नसावं?*

हा मसुदा फाडून टाका आणि संगणकावरूनही पुसा. त्या एका वाक्यात "हेतुपुरस्सर", "विश्वास उडाला", "तत्काळ" आणि "बडतर्फ" हे चार शब्द आहेत, आणि चारही शब्द तुम्हाला अशा रस्त्यावर नेतात ज्याची तयारी तुम्ही केलेली नाही.

कामगाराची सेवा मालकाला दोन प्रकारे संपवता येते. एक म्हणजे शिक्षा. त्याने गैरवर्तन केलं असं तुम्ही म्हणता, आरोपपत्र देता, त्याचं उत्तर घेता, खातेनिहाय चौकशी लावता, साक्षीदारांची उलटतपासणी त्याला करू देता, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल येतो, त्यावर त्याचं म्हणणं मागवता आणि मग बडतर्फ करता. दुसरा प्रकार शिक्षेचा नाही. माणूस प्रामाणिक असेल, वेळेवर येत असेल, पण काम जमत नाही, म्हणून त्याला नियमाप्रमाणे नोटीस आणि भरपाई देऊन कमी करता. पहिल्यात भरपाई लागत नाही, पण चौकशी लागते. दुसऱ्यात चौकशी लागत नाही, पण पैसे लागतात. तुमच्या अकाउंटंटने शिक्षेची भाषा वापरली आहे. चौकशी झालेली नाही, आणि पैशांबद्दल मसुद्यात अवाक्षर नाही. म्हणजे दोन्ही रस्त्यांवरची गैरसोय एकाच पत्रात.

पत्र हातात पडल्यावर कामगाराचा वकील सगळ्यात आधी हेच पाहतो की भाषा कुठल्या रस्त्याची आहे. "हेतुपुरस्सर" लिहिलंत की तो म्हणणार, हा गैरवर्तनाचा आरोप आहे, चौकशी दाखवा. आदर्श स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे कारखान्यांसाठी शासनाने ठरवलेल्या सेवानियमांच्या नमुन्यात, सवयीचा निष्काळजीपणा हे गैरवर्तन म्हणून गणलेलं आहे, त्यामुळे "वारंवार निष्काळजीपणा" हे शब्दसुद्धा त्याच दिशेला जातात. "विश्वास उडाला" हा तर जुना सापळा आहे. पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं की, विश्वास गमावल्याचं कारण देऊन काढणं म्हणजे त्या माणसावर ठपका ठेवणं आहे, आणि चौकशीशिवाय ठपका ठेवता येत नाही. "बडतर्फ" हा शब्द मराठीत केवळ शिक्षेसाठीच वापरतात, तो लिहून "आम्ही शिक्षा केली नाही" असं पुढे म्हणता येत नाही. आणि "तत्काळ" म्हणजे नोटीस दिली नाही याची तुमच्याच सहीची कबुली.

तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून हा माणूस चोर नाही, लबाड नाही, त्याला काम जमत नाही. तेव्हा दुसरा रस्ता धरा. खाली जे आहे ते त्याच रस्त्याबद्दल.

आता कायद्याचा एक मुद्दा, जो छोट्या मालकांना हमखास आश्चर्यात टाकतो. "आम्ही कुठे कामगार कपात करतोय, आम्ही तर एकाच माणसाला कमी करतोय, तेही त्याच्या कामामुळे," असं मला दर वेळी ऐकायला मिळतं. पण कायद्यात कामगार कपातीची, म्हणजे रिट्रेंचमेंटची, व्याख्या फार रुंद आहे. शिस्तभंगाची शिक्षा सोडून कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवली की ती कपात. पंजाब लँड डेव्हलपमेंटच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 1990 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी ही व्याख्या तशीच पुढे आली आहे. निवृत्ती, मुदतीचा करार संपणं असे मोजके अपवाद आहेत, "काम चांगलं नव्हतं" हा त्यांत नाही. म्हणून वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला खराब कामासाठी कमी करताना तुम्हाला एक महिन्याची कारणासहित लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावीच लागते. तीन ताकिदी दिल्याने ही देणी माफ होत नाहीत. ताकिदींचा उपयोग वेगळा आहे, त्याकडे येतो.

तो "कामगार" आहे का, हे कार्डावरच्या हुद्द्यावरून ठरत नाही. एका कंपनीत बिलं करणाऱ्या माणसाला "एक्झिक्युटिव्ह – लॉजिस्टिक्स" म्हणत होते आणि त्या जोरावर पाच ओळींचं पत्र देऊन घरी पाठवलं. कामगार न्यायालयात त्याने एवढंच सांगितलं की माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, मी दिवसभर संगणकावर नोंदी करायचो. हुद्दा तिथेच गळून पडला. तुमचा माणूस कारकुनी काम करतो, तो कामगारच आहे असं धरून चला. खरोखरच्या व्यवस्थापकाची गोष्ट वेगळी, तिथे नेमणूकपत्रातली नोटीसची अट हाच मुख्य आधार असतो.

ताकिदींकडे वळतो, कारण अशा प्रकरणांत खरं नुकसान बहुतेक वेळा तिथेच झालेलं असतं आणि शेवटचं पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी ते भरून निघत नाही. तुमच्या तीन ताकिदी फाइलमधून काढा आणि परक्या माणसाच्या नजरेने वाचा. "आपल्या कामात सुधारणा दिसून येत नाही, तरी यापुढे दक्षता घ्यावी" एवढंच असेल तर ती ताकीद असून नसल्यासारखी. काय चुकलं, किती चुकलं, किती अपेक्षित होतं आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी तिच्यात हव्यात. आणि त्यावर त्याची पोच हवी. तोंडी ताकीद, व्हॉट्सअॅपवरचा रागाचा मेसेज, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापणं, या गोष्टींना पत्रात "लेखी ताकीद" म्हणू नका.

त्याच फाइलमध्ये आणखी एक कागद शोधा: गेल्या एप्रिलचं पगारवाढीचं पत्र. मी पाहिलेल्या प्रकरणांत मालकाला सगळ्यात जास्त नडलेला कागद हाच. एचआर सगळ्यांना एकाच साच्यातलं पत्र पाठवतं, "आपल्या समाधानकारक कामगिरीची दखल घेऊन..." आणि महिन्याभराने पहिली ताकीद जाते. असं पत्र दिलं गेलं असेल तर सेवासमाप्तीच्या पत्रात चुकूनही "आपले काम सुरुवातीपासून असमाधानकारक आहे" असं लिहू नका. तुमच्याच सहीचा कागद तुम्हाला खोटं ठरवेल. पगारवाढीनंतरच्या काळाबद्दलच बोला. "मे 2025 पासून" असं बंधन घालून घेतलंत की ते पत्र तुमच्या विरोधात जात नाही, उलट तुम्ही आकसाने वागत नव्हता हे दाखवायला कामी येतं.

ताकिदी खरंच कच्च्या असतील तर माझा सल्ला असा की आज पत्र देऊ नका. दोन महिने थांबा, नीट आकडे घालून एक ताकीद द्या, शिकवायला कोणाला तरी शेजारी बसवा, मधे एकदा आढावा घेऊन त्याची नोंद ठेवा. कोर्टकचेरीच्या वर्षांपुढे दोन महिने काहीच नाहीत. आणि यातून एखादा माणूस खरंच सुधारतो, तेही मी पाहिलंय. एका ठिकाणी तर नवीन सॉफ्टवेअरमध्ये जुन्या ग्राहकांचे पत्तेच चुकीचे चढवले गेले होते, माणसाचा दोष अर्धाच होता.

आता तुमच्यासारखंच एक उदाहरण घेऊन पत्र बांधू. तारखा आणि आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

माणूस 3 जून 2019 ला लागला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये, इतर भत्ता नाही (भत्ते असतील तर नव्या संहितांतल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे आकडा बदलेल, तो तपासून घ्या). काम: महिन्याला चारशेच्या आसपास बिलं आणि त्यांची ई-वे बिलं. 12 मे 2025 च्या पहिल्या ताकिदीत लिहिलं होतं की एप्रिलमध्ये 27 बिलांत चूक झाली, याच टेबलावरच्या दुसऱ्या माणसाच्या चुका महिन्याला चार-पाच असतात, आणि जूनअखेर चुका दहाच्या आत याव्यात. 8 ऑगस्टच्या दुसरीत जुलैचा आकडा 24 दिला आणि आठवडाभर वरिष्ठाजवळ बसवण्याचं ठरवलं. ते प्रशिक्षण झालं, त्याची हजेरीवर सही आहे. 14 नोव्हेंबरच्या तिसरीत ऑक्टोबरचा आकडा 29, सोबत दोन गाड्या चुकीच्या वाहन क्रमांकामुळे रस्त्यात अडकल्याची नोंद, आणि जानेवारीअखेर सुधारणा न झाल्यास सेवा संपवण्याचा विचार करावा लागेल असं स्पष्ट वाक्य. जानेवारी 2026 मध्ये चुका 26.

शेवटच्या ताकिदीतलं ते स्पष्ट वाक्य महत्त्वाचं आहे. "कठोर कारवाई करण्यात येईल" म्हणजे नोकरी जाईल असं कामगाराला कळलंच पाहिजे असं नाही, आणि "कारवाई" हा शब्द पुन्हा शिक्षेच्या बाजूला झुकतो.

16 फेब्रुवारी 2026 ला पत्र द्यायचं ठरलं. सेवा सहा वर्षं आठ महिने आणि वर काही दिवस. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात. 15 दिवसांचा पगार म्हणजे अर्धा महिना, 13,000. सातने गुणून भरपाई 91,000. नोटीसऐवजी एक महिन्याचा पगार 26,000. हे दोन मिळून 1,17,000 रुपये पत्रासोबतच, त्याच दिवशी द्यायचे. "लेखा विभागाशी संपर्क साधून हिशेब घेऊन जावा" हे वाक्य पत्रात असेल तर समजा पत्र वाया गेलं. कपात वैध होण्याची ती पूर्वअट आहे, नंतर द्यायचं देणं नव्हे. सर्वात चांगलं म्हणजे सकाळी त्याच्या बँक खात्यात पैसे पाठवा आणि व्यवहार क्रमांक पत्रात लिहा. मग "घेतले नाहीत" हा प्रश्नच उरत नाही.

ग्रॅच्युइटी हे वेगळं देणं आहे आणि तिचं गणितही वेगळं. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात: 26,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की 15,000, गुणिले सात वर्षं, 1,05,000 रुपये. लोक भरपाईलाही 26 चा भागाकार लावतात किंवा ग्रॅच्युइटीला 30 चा. दुसऱ्या चुकीत रक्कम कमी पडते, आणि ती कमी पडली तर ग्रॅच्युइटीचा वेगळा दावा उभा राहतो. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची. फेब्रुवारीच्या 16 दिवसांचा पगार मात्र दोन कामाच्या दिवसांत, म्हणजे इथे 18 तारखेपर्यंत. "पुढच्या महिन्याच्या सात तारखेला सगळ्यांबरोबर" चालत नाही. शिल्लक रजेचे पैसेही त्यासोबतच देऊन टाका. शिवाय संहितेनुसार कपात झालेल्या कामगारामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम कामगार पुनर्कौशल्य निधीत मालकाने भरायची आहे, आणि कपातीची सूचना शासनाला पाठवायची आहे. या दोन्हींची पद्धत तुमच्या सल्लागाराकडून पत्र देण्याआधीच समजून घ्या.

एक बारीक गोष्ट राहते, तिच्याकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही. कपातीत साधारण नियम असा की त्या प्रवर्गात जो शेवटी आला तो आधी जाईल. तुमच्या डिस्पॅचला याच्यानंतर लागलेला माणूस असेल तर प्रश्न येणार की त्याला ठेवून सहा वर्षं जुन्याला का काढलं. कायदा कारण नोंदवून हा क्रम बदलू देतो. म्हणून ते कारण पत्रातच एका वाक्यात नोंदवा. तुलनेचे आकडे आहेतच तुमच्याकडे. आणि वर्षभरात त्या जागेवर नवीन माणूस घेणार असाल तर कपात झालेल्या कामगाराला आधी संधी देण्याची तरतूद आहे, हेही डोक्यात ठेवा. पत्र दिल्यावर आठवड्यात त्याच कामाची जाहिरात टाकणारे मालक आहेत, आणि त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलेले मी पाहिले आहेत.

आता पत्र. मी असं लिहीन:

> दिनांक 16 फेब्रुवारी 2026
>
> श्री. ________ , डिस्पॅच विभाग
>
> विषय: सेवासमाप्तीबाबत
>
> महोदय,
>
> आपण 3 जून 2019 पासून आमच्याकडे डिस्पॅच विभागात बिले व ई-वे बिले तयार करण्याचे काम करीत आहात.
>
> मे 2025 पासून या कामातील चुकांबाबत आपणांस 12 मे 2025, 8 ऑगस्ट 2025 आणि 14 नोव्हेंबर 2025 रोजी लेखी कळविण्यात आले होते. महिन्याला दहापेक्षा कमी चुका हे अपेक्षित प्रमाण आपणांस पहिल्या पत्रात कळविले होते. ऑगस्ट 2025 मध्ये आपणांस एक आठवड्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये 29 आणि जानेवारी 2026 मध्ये 26 बिलांत चुका आढळल्या. त्यांची यादी सोबत जोडली आहे.
>
> या कामासाठी आवश्यक असलेली अचूकता आपल्या कामात पुरेशी संधी देऊनही येऊ शकलेली नाही, असा व्यवस्थापनाचा निष्कर्ष आहे. याच विभागातील आपल्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्याच्या कामात हे प्रमाण राखले जात असल्याने त्याला कामावर ठेवण्यात येत आहे.
>
> या कारणास्तव आपली सेवा आज, 16 फेब्रुवारी 2026 रोजी कामकाजाचा वेळ संपल्यानंतर समाप्त करण्यात येत आहे. एक महिन्याच्या नोटिशीऐवजी वेतन रु. 26,000 आणि सात वर्षांची भरपाई रु. 91,000, एकूण रु. 1,17,000 आपल्या बँक खात्यात आज जमा केले आहेत (व्यवहार क्र. ________). चालू महिन्याचे वेतन व शिल्लक रजेचे पैसे 18 फेब्रुवारीपर्यंत, तर ग्रॅच्युइटी रु. 1,05,000 ही 18 मार्च 2026 पूर्वी जमा केली जाईल. हिशेबाचा तक्ता सोबत आहे.
>
> ही सेवासमाप्ती शिक्षा म्हणून नाही. आपले सेवा प्रमाणपत्र सोबत दिले आहे.

एवढंच. एका पानात बसतं, आणि एका पानापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

यातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. "निष्काळजीपणा" कुठेही नाही, "अचूकता येऊ शकलेली नाही" आहे. पहिल्या शब्दात दोष मनाचा आहे, दुसऱ्यात जमण्या-न जमण्याचा. "आपल्यामुळे कंपनीचे अमुक लाखांचे नुकसान झाले" हे वाक्य नाही, कारण नुकसानीचा आरोप केला की तो सिद्ध करायची जबाबदारी येते, आणि पगारातून ते वळतं करायचा मोह होतो. अडकलेल्या गाड्यांची नोंद ताकिदीत आहे, तिथेच राहू द्या. स्वभावाबद्दल, उशिरा येण्याबद्दल, मोबाइलवर बोलण्याबद्दल काही नाही. ताकिदी बिलांच्या चुकांबद्दल होत्या, पत्रही फक्त त्याबद्दलच बोलतं. शेवटच्या क्षणी मनात साठलेलं सगळं ओतायचा जो मोह असतो, त्यात बाकीची कारणं मूळ कारणाला दुबळं करतात. "याआधी कधी सांगितलंच नव्हतं" असा मुद्दा त्याला आयता मिळतो.

"ही सेवासमाप्ती शिक्षा म्हणून नाही" हे वाक्य लिहिलं म्हणून न्यायालय ते जसंच्या तसं मानेल असं नाही. न्यायाधीश पत्राच्या मागे जाऊन पाहू शकतात, आणि पत्रात ज्या कागदांचा उल्लेख केला त्यांतली भाषासुद्धा पत्राचाच भाग धरली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कोलकात्याच्या एस. एन. बोस राष्ट्रीय केंद्राच्या प्रकरणात तेच केलं होतं: आदेश वरून साधा होता, पण त्यात उल्लेख केलेल्या जुन्या पत्रांमध्ये ठपका होता. म्हणून मघाशी ताकिदी वाचा म्हटलं. तुमच्या तिसऱ्या ताकिदीत रागाच्या भरात "तुम्ही जाणूनबुजून कामात अडथळे आणता" असं लिहिलं गेलं असेल तर शेवटचं पत्र सौम्य करून उपयोग नाही. मग एकतर चौकशीचा रस्ता धरावा लागेल किंवा आधी म्हटल्याप्रमाणे नव्याने, आकड्यांवर आधारलेली ताकीद द्यावी लागेल.

आणि यादी खरोखर जोडा. त्या 26 बिलांचे क्रमांक, काय चुकलं, कोणी दुरुस्त केलं. प्रकरण कामगार न्यायालयात गेलंच तर काम खरंच खराब होतं हे तुम्हालाच पुराव्याने दाखवावं लागेल, आणि दोन वर्षांनी तो पुरावा गोळा करता येत नाही. तोपर्यंत सॉफ्टवेअर बदललेलं असतं, चुका पकडणारा सुपरवायझर दुसरीकडे गेलेला असतो. आज प्रिंट काढून, सुपरवायझरची सही घेऊन फाइलला लावा.

पत्र मराठीत द्या. इंग्रजी पत्रावर सही घेऊन नंतर "मला काय लिहिलंय ते कळलं नाही" हे ऐकावं लागतं, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. सकाळी पैसे पाठवून दुपारी, शिफ्ट संपायच्या अर्धा तास आधी, बंद खोलीत, तुम्ही आणि आणखी एक जण एवढेच असताना पत्र द्या. गेटवर वॉचमनच्या हातून नको. त्याने घेतलं नाही तर वाचून दाखवा, दोघांच्या सहीने तशी नोंद करा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवा, ईमेल असेल तर ईमेलही. आतलं बोलणं पत्रापुरतंच ठेवा. "खरं तर मालकांनाच तुझा राग आलाय" असं सांत्वन म्हणून बोललेलं वाक्यही पुढे रेकॉर्डिंगमधून बाहेर येतं.

राजीनामा मागू नका. "राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील" असं सांगून घेतलेल्या राजीनाम्याला दुसऱ्याच दिवशी दबावाने घेतल्याची तक्रार होते, आणि मग तुमच्याकडे ना राजीनामा उरतो ना नीट कपात. "माझी कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर सही केल्याशिवाय पैसे नाहीत, असंही करू नका. जे देणं कायद्यानेच आहे त्याच्या बदल्यात काही लिहून घेता येत नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील तर परत करा. भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर सेवा संपल्याची तारीख वेळेत भरा. ती भरली नाही की माणसाचे पैसे अडकतात आणि खरं भांडण तिथून सुरू होतं. कंपनीच्या ग्रुपवर "अमुक यांना कामावरून काढले आहे" हा मेसेज नको. "17 फेब्रुवारीपासून ते आपल्याकडे नाहीत, डिस्पॅचच्या कामासाठी अमुक यांच्याशी बोला" एवढं पुरे.

शेवटी तारीख बघा, म्हणजे त्या तारखेच्या आसपास आणखी काय घडलंय ते. त्याने मागच्या महिन्यात ओव्हरटाइमबद्दल किंवा भविष्यनिर्वाह निधीबद्दल तक्रार केली आहे का? युनियनचा फॉर्म भरलाय का? अपघातानंतर वैद्यकीय रजेवर आहे का? त्याच्या जागी स्त्री कर्मचारी असती तर ती प्रसूती रजेवर असताना सेवा संपवणं बेकायदेशीरच ठरलं असतं. कंपनीत एखादा औद्योगिक विवाद प्रलंबित असेल तर परवानगीचे वेगळे नियम लागतात. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात मालकाच्या अनुचित प्रथांची जी यादी आहे, तिच्यात सूडबुद्धीने, उघड खोट्या कारणाने किंवा अवाजवी घाईने काढणं या गोष्टी नावानिशी आहेत, आणि कामगारांच्या तक्रारी याच शब्दांवर बेतलेल्या असतात. वरीलपैकी काही असेल तर पत्र कितीही निर्दोष असो, तारीख तुमच्याविरुद्ध बोलेल. तेव्हा आधी ती तक्रार निकाली काढा.

एवढी काटेकोरपणाची गरज काय, असं तुमच्या अकाउंटंटला वाटेल. त्याला रक्कम सांगा. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं की सेवासमाप्ती चुकीची ठरली तर साधारण नियम पुन्हा कामावर घेण्याचा आणि मधल्या काळाचा पगार देण्याचा आहे. तुमच्या 26,000 पगाराच्या माणसाचं प्रकरण चार वर्षं चाललं आणि संपूर्ण मागील पगाराचा आदेश झाला तर 12,48,000 रुपये होतात. आज पत्रासोबत द्यायचे आहेत 1,17,000, आणि ग्रॅच्युइटी तर त्याने आपणहून नोकरी सोडली असती तरी द्यावी लागलीच असती.